काचेचा टप, काळी होणारी काच आणि एसीवरचा भार

मे महिन्यातल्या एका दुपारी सोसायटीतल्या काकांनी मला खाली बोलावलं. नवी गाडी, डोक्यावर पुढून मागेपर्यंत अखंड काच. "अरे, एसी तेवीसवर आहे, हाताला झोत गार लागतोय, पण टाळू भाजतेय. गॅस कमी भरलाय का बघ." गाड्यांच्या वातानुकूलनाचं काम मी बरीच वर्षं करतोय, म्हणून असल्या तक्रारी माझ्याकडे येतात. गॅस बरोबर होता, झोतही हवा तेवढा गार होता. एसी हवा गार करत होता आणि काकांची टाळू तापत होती ती हवेमुळे नव्हे.

काचेचा टप ही आता फक्त आलिशान गाड्यांची गोष्ट राहिलेली नाही. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या २०२४च्या शेवटी आलेल्या विजेच्या गाड्यांना तो आहे, २०२५च्या जुलैत मुंबईत विक्रीला आलेल्या टेस्लाच्या मॉडेल वायलाही आहे. त्यात आता बटण दाबून काळी होणारी काच बाजारात येते आहे. या काचेतून नेमकी किती उष्णता आत येते, पडद्याने किती थांबते आणि एसीला त्याचं किती ओझं होतं, ते सावकाश बघू.

उन्हाचे तीन वाटे

भर दुपारी निरभ्र आकाशातून एक चौरस मीटर सपाट जागेवर साधारण ९०० वॅट ऊन पडतं. मोठ्या गाडीच्या टपावरची काच सव्वा चौरस मीटरच्या आसपास असते. म्हणजे काचेवर जवळपास अकराशे वॅट. कपड्यांची इस्त्री पूर्ण तापवून टपावर उलटी ठेवली तर जेवढी, तेवढी ही उष्णता.

काचेवर पडलेल्या उन्हाचे तीन वाटे होतात. काही परत फिरतं, काही आरपार आत येतं आणि काही काचेतच मुरतं. पहिले दोन वाटे डोळ्यांना कळतात, तिसरा कळत नाही. काच गडद असली की डोळ्यांना वाटतं, ऊन अडलं. ते अडलं खरं, पण काचेच्या पोटात अडलं. काच तापते आणि तापलेली काच ती उष्णता वर आणि खाली, दोन्हीकडे सोडू लागते.

पत्र्याच्या घरात राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. पत्र्यातून उजेडाचा कणही आत येत नाही, तरी दुपारी दोन वाजता पंख्याखाली बसूनसुद्धा वरून धग लागते. ती धग हवेची नसते, तापलेल्या पत्र्यातून निघणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांची असते. या किरणांना मधली हवा गार आहे की गरम, याच्याशी देणंघेणं नसतं. ते थेट अंगावर येऊन पडतात.

आरपार आलेलं ऊन आणि तापलेल्या काचेने आत सोडलेली उष्णता, या दोन्हींची बेरीज करून जो आकडा येतो त्याला उद्योगात टीटीएस म्हणतात. पडलेल्या शंभर भाग उन्हातले एकूण किती भाग शेवटी गाडीत शिरले, एवढाच त्याचा अर्थ. टपाच्या काचेबद्दल एकच प्रश्न विचारायचा असेल तर तो या आकड्याचा विचारावा. "किती टक्के गडद?" हा प्रश्न अपुरा आहे.

गडद काचेचा हिशोब

एक साधी गडद काच घेऊ. शंभर भागांतले १० आरपार जातात, ६ परत फिरतात, ८४ काचेत मुरतात. बाहेर ४० अंश, आत २६ अंश आणि बाहेर मंद वारा असला तर अशा काचेचं तापमान ६० अंशांच्या थोडं वर जातं. मुरलेल्या ८४ भागांपैकी साधारण २३ आत येतात, उरलेले वाऱ्याबरोबर बाहेर जातात. म्हणजे एकूण ३३ भाग आत. त्यातले फक्त १० डोळ्यांना दिसले, दुपटीहून जास्त उष्णता न दिसता आली.

आता हीच गाडी सिग्नलवर किंवा घाटातल्या कोंडीत उभी करा. वारा पडला की काचेची उष्णता बाहेर नेणारं कोणी राहत नाही आणि तिचा मोठा हिस्सा आत वळतो. माझ्या हिशोबाने एकूण आकडा ३३ वरून ४०च्या पुढे जातो. माहितीपत्रकातला टीटीएस ज्या आंतरराष्ट्रीय मानकाने काढतात, त्यात ताशी साधारण चौदा किलोमीटर वाऱ्याची झुळूक धरलेली असते. वाकडच्या पुलाखाली दुपारी एक वाजता ती झुळूक नसते. गाडी वेगात असताना मात्र उलट होतं. वारा काचेला सतत गार करतो आणि काचेचा टप बराच सुसह्य वाटतो. म्हणून "हायवेवर काही त्रास नाही, शहरात मात्र होतो" ही तक्रार अगदी खरी आहे.

या न दिसणाऱ्या वाट्यावरचा उपाय म्हणजे काचेच्या आतल्या बाजूला दिलेला, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा लेप. त्याला लो-ई कोटिंग म्हणतात. असा लेप असलेला पृष्ठभाग तापला तरी किरण फार कमी सोडतो. घासलेल्या तांब्याच्या घंगाळ्यात आणि काजळी धरलेल्या घंगाळ्यात सारखंच गरम पाणी असलं, तरी जवळ बसल्यावर काजळीवाल्याची धग जास्त लागते, त्यातलाच हा प्रकार. वरच्या गडद काचेला हा लेप असेल तर आत येणारे २३ भाग १५ पर्यंत उतरतात आणि एकूण ३३चे २५ होतात. काचेच्या दोन थरांमध्ये चांदीचा अतिपातळ थर घालून ऊन मुळातच परत फिरवलं, तर आकडा २०च्याही खाली आणता येतो. अशी काच महाग असते, पण पैसे खरे तिथेच सार्थकी लागतात.

आपल्याकडे हा प्रश्न मोठा का

काचेच्या टपाची कल्पना युरोपात रुजली, जिथे ऊन हवंहवंसं असतं. जर्मनीतल्या श्टुटगार्टला वर्षातला सर्वांत उंच सूर्य, म्हणजे जूनमधला, क्षितिजापासून ६५ अंशांपर्यंतच चढतो. तिथे ऊन बरंचसं बाजूच्या काचांतून येतं. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो. पुण्यात साधारण १३-१४ मेला, मुंबईत त्यानंतर दोनेक दिवसांनी आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, हवा सर्वांत तापलेली असताना, ऊन टपावर काटकोनात पडतं. बाजूच्या काचा त्या वेळी जवळजवळ सावलीत असतात. आणि डिसेंबरच्या दुपारीसुद्धा पुण्यात सूर्य ४८ अंशांवर असतो, म्हणजे सपाट काचेवर पडणारा उन्हाचा वाटा तेव्हाही जवळपास पाऊणपट भरतो.

बटणाने काळी होणारी काच

"इलेक्ट्रोक्रोमिक" म्हणजे वीज दिल्यावर रंग बदलणारी. आत टंगस्टन ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि त्याच्यासमोर लिथियमचे कण साठवणारा दुसरा थर. एक ते तीन व्होल्टचा दाब दिला की लिथियमचे भारित कण एका थरातून दुसऱ्यात सरकतात आणि टंगस्टनचा थर निळसर काळा होतो. दाब उलटा दिला की कण परततात, काच पुन्हा स्वच्छ. रचना एखाद्या पातळ बॅटरीसारखीच आहे, चार्ज झाली की काळी दिसणारी बॅटरी. रात्री मागच्या गाडीचे दिवे डोळ्यांत आले की आपोआप काळवंडणारा आतला आरसा याच जातीचा. बोइंग ७८७ विमानात खिडकीला पडदा नसून बटण असतं, तेही हेच. गाडीच्या टपावर अशी काच २००५ साली फेरारीच्या सुपरअमेरिकाने आणली होती.

दुकानात मात्र "डिमिंग रूफ" या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि उष्णतेच्या बाबतीत त्या सारख्या नाहीत.

दुसरा प्रकार पीडीएलसी. यात द्रवस्फटिकांचे सूक्ष्म थेंब असतात. वीज दिली की काच पारदर्शक, बंद केली की दुधाळ. पोर्शेच्या टायकनमध्ये पट्ट्यापट्ट्यांनी दुधाळ होणारी काच आहे ती अशी. दुधाळ काच ऊन विखुरते, त्यामुळे टोचणारी तिरीप जाते, डोळ्यांना फार बरं वाटतं. पण विखुरलेलं ऊन बहुतेक पुढे आतच येतं. धुक्याच्या सकाळी सूर्य दिसत नाही, तरी उजेड भरपूर असतो ना, तसं. उष्णतेत फरक पडतो तो थोडा.

तिसरा एसपीडी, २०११च्या मर्सिडीज एसएलकेमध्ये आलेला. यात तरंगणारे सूक्ष्म कण असतात. वीज बंद असली की ते अस्ताव्यस्त पडून काच काळी होते, वीज दिली की रांगेत उभे राहून उजेडाला वाट देतात. हा प्रकार ऊन खरोखर अडवतो आणि क्षणार्धात बदलतो.

ओळखायचं कसं? बटण दाबून वर बघा. काच पांढरट होऊन पलीकडचं दिसेनासं झालं तर पीडीएलसी. काळी-निळी झाली आणि तरीही ढग, झाडं स्पष्ट दिसत राहिली तर बाकी दोनांपैकी एक. त्यातही रंग एक-दोन सेकंदांत बदलला तर एसपीडी, आणि सावकाश, बहुधा कडांपासून मध्याकडे सरकत बदलला तर इलेक्ट्रोक्रोमिक.

काळी झाली म्हणजे किती गार?

इलेक्ट्रोक्रोमिक काचेला आतून लो-ई लेप आहे असं धरून पुन्हा तोच हिशोब करू. स्वच्छ असताना ४० भाग आरपार येतात आणि मुरलेल्यातले नऊ, एकूण ४९. काळी केल्यावर ५ आरपार आणि १५ मुरलेल्यातले, एकूण २०. म्हणजे एका बटणाने अकराशे वॅटपैकी तीनशेहून जास्त वॅट अडले. हे भरपूर आहे.

पण शेजारी ठेवून बघा. लो-ई लेपाची साधी, कायम गडद काच २५वर होती. काळी केलेली महागडी काच २०वर. फरक पाच भागांचा, आणि स्वच्छ ठेवली तर तीच महागडी काच जवळपास दुप्पट उष्णता आत घेते. या तंत्राने तुम्हाला मिळते ती निवड. पावसाळी दिवशी, संध्याकाळी, महाबळेश्वरच्या झाडीत वरचं आकाश बघता येतं आणि दुपारी झाकता येतं. निव्वळ गारव्यासाठी एवढे जास्तीचे पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक बारीक गोष्ट इथे महत्त्वाची ठरते. इलेक्ट्रोक्रोमिक काच वीज तोडल्यावरही बराच वेळ आहे त्याच रंगात राहते. तुम्ही ती स्वच्छ ठेवून गाडी उन्हात लावली आणि गाडीला ती स्वतःहून काळी करायची सोय नसेल, तर दुपारभर जवळपास निम्मं ऊन आत येत राहणार. म्हणून गाडी बघायला गेल्यावर ती कुलूपबंद करून दहा मिनिटांनी काचेतून डोकावून बघा.

पडदा: आत आल्यावर अडवलेलं ऊन

जुन्या घरांत वाळ्याचे पडदे खिडकीच्या बाहेर टांगायचे, आत नव्हे. ऊन घरात शिरण्याआधी अडलं तर त्याची उष्णता बाहेरच राहते. गाडीतला पडदा काचेच्या आत असतो, ही त्याची मूळ अडचण. काचेतून आलेलं ऊन पडद्यावर पडतं, पडदा तापतो आणि ती उष्णता हळूहळू केबिनमध्येच झिरपते.

पांढऱ्या किंवा चंदेरी पाठीचा पडदा ऊन परत वर फेकतो. पण वरची काच गडद असेल तर परत जाणारं ऊन पुन्हा त्याच काचेत मुरतं. म्हणून चंदेरी पडद्याची खरी कमाल स्वच्छ काचेखाली दिसते. गडद काचेखाली तो वेगळ्या कारणाने उपयोगी पडतो. ६० अंशांची काच आणि तुमची टाळू यांच्यामध्ये तो उभा राहतो. काचेचे किरण पडदा घेतो, पडदा स्वतः काचेपेक्षा बराच कमी तापतो आणि डोक्याला लागणारी धग पुष्कळ उतरते. जाळीचा पडदा अर्धवट काम करतो, कारण भोकांतून काच डोक्याला "दिसत" राहते आणि जी तापलेली वस्तू दिसते तिची धग लागते. घट्ट विणीचं कापड त्याहून बरं.

मग कंपन्या पडदा का देत नाहीत? विजेच्या गाडीत बॅटरी पायाखाली असते, त्यामुळे बसण्याची जागा वर उचलली जाते आणि डोक्यावरचा एकेक सेंटिमीटर मोलाचा होतो. गुंडाळी, रूळ आणि मोटर मिळून त्यातले काही सेंटिमीटर खातात. कारण खरं आहे, पण आपल्या उन्हात ते पुरेसं नाही, असं मला वाटतं.

एसीवर नेमकं किती ओझं?

पत्र्याच्या टपालाही उष्णता लागते, पण आतल्या अस्तरामुळे केबिनमध्ये साधारण शंभर-दीडशे वॅटच येते. लो-ई लेपाची काच पावणेतीनशे आत घेते, साधी गडद काच साडेतीनशे आणि कोंडीत साडेचारशे. म्हणजे काचेमुळे वाढलेलं ओझं शंभर ते तीनशे वॅट. चाळीस अंशांच्या हवेत एसी एक वॅट वीज घेऊन साधारण दोन वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे जादा वीज पन्नास ते दीडशे वॅट. शहरात ताशी २५ किलोमीटरने चालणारी विजेची गाडी चालण्यासाठी तीन-साडेतीन किलोवॅट घेते. तेव्हा काचेचा थेट खर्च दीड ते साडेचार टक्के, तोही फक्त भर दुपारी. "काचेच्या टपाने रेंज अर्धी होते" हे बोलणं खरं नाही.

खरं ओझं आडवाटेने येतं. गाडीतला एसी हवेचं तापमान मोजतो. हवा २५ झाली की त्याच्या लेखी काम संपलं. टाळूला लागणारी धग त्याला कळत नाही. मग माणूस काय करतो? आकडा खाली ओढतो. पंचवीसचा तेवीस, तेवीसचा वीस. बाहेर चाळीस अंश असताना आतली हवा आणखी एक अंश खाली ठेवायची तर मध्यम गाडीत साधारण शंभर वॅट जादा उष्णता उपसावी लागते. पाच अंश म्हणजे पाचशे वॅट, काचेतून आलेल्या जादा उष्णतेपेक्षा मोठा आकडा. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत त्यात पाणी गाळण्याचं काम वाढतं. काकांचं हेच झालं होतं, डोकं तापलेलं आणि गुडघे गारठलेले.

उभ्या गाडीचा हिशोब थोडा वेगळा. तिथे पुढची मोठी काच मुख्य गुन्हेगार असते, कारण कायद्याने ती ७० टक्के पारदर्शक ठेवावीच लागते. तिच्या आड चंदेरी पत्रा लावला नाही, तर टपावरचा पडदा एकटा फारसं वाचवत नाही.

"यूव्ही तर ९९ टक्के अडतात की!"

अडतात, आणि त्वचेसाठी ते चांगलंच आहे. पण अतिनील किरणांत उन्हाच्या एकूण उष्णतेचा पाच टक्क्यांहून कमी वाटा असतो. निम्मी उष्णता अवरक्त किरणांत आणि उरलेली साध्या उजेडात. ९९ टक्के यूव्ही अडवणारी काचसुद्धा खूप तापू शकते.

"मग फिल्म लावून घेऊ का?"

थांबा. काचेला आतून लो-ई लेप असेल आणि त्यावर फिल्म चिकटवली तर लेप झाकला जातो. आता केबिनकडे तोंड असतं साध्या प्लास्टिकचं आणि ते मुक्तपणे किरण सोडतं. पैसे देऊन काच बिघडवल्यासारखं होतं. शिवाय काळी फिल्म काचेत जास्त उष्णता मुरवते. काचेचा मध्य तापतो, चौकटीखालची कड गार राहते आणि त्या ताणाने काच तडकू शकते. अशी तडक बहुधा कडेपासून सुरू होते आणि तिथे दगड लागल्याची खूण नसते.

लेप आहे की नाही हे घरच्या घरी कळतं. लांबून तापमान सांगणारी बंदूक मिळवा. गाडी उन्हात अर्धा तास ठेवा, आतून काचेवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा, पाचेक मिनिटं थांबा. मग आधी पट्टीवर नेम धरून आकडा बघा, नंतर शेजारच्या उघड्या काचेवर. पट्टी आणि काच सारख्याच तापलेल्या असतात. उघड्या काचेवरचा आकडा पट्टीपेक्षा खूप खाली आला तर लेप आहे, कारण ती काच तापूनही किरण कमी सोडते आणि बंदूक किरणच मोजते. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर लेप नाही.

काकांच्या गाडीत दोन्ही आकडे साठच्या आसपास आले. आम्ही घट्ट विणीचा, चंदेरी पाठीचा, मापात बसणारा पडदा बसवला, चंदेरी बाजू काचेकडे ठेवून. आठवड्याने काकांनी एसी पंचवीसवर ठेवून चालतं असं सांगितलं. मागच्या सीटवर मात्र पडदा काचेच्या टोकापर्यंत पोचत नाही, चार बोटं फट राहते. त्यांची नात तिथेच बसते, तेव्हा त्या फटीवर जाड कापडाची पट्टी शिवून लावायची आहे.